हलका दगड कुठल्या गावचा? मुलाचा गेमिंग टॅग ठरवताना

प्रश्न: मुलगा आठवीत आहे. मोबाइलवर बीजीएमआय खेळतो आणि कॉम्प्युटरवर मित्रांबरोबर माइनक्राफ्ट. टॅगमध्ये त्याने स्वतःचं नाव, गाडीचा एमएच नंबर आणि जन्मसाल टाकलंय. खरा टॅग इथे लिहीत नाही. बदल म्हटलं की “मग मला कोण ओळखणार?” म्हणतो. लक्षात राहील पण घरचं काही कळणार नाही, असं नाव कसं ठरवायचं?

उत्तर:

ताई, खरा टॅग इथे टाकला नाहीत हे उत्तम केलंत. मी सांगलीत नऊ वर्षं गेमिंग कॅफे चालवला आणि आता तालुक्याच्या पातळीवर छोट्या स्पर्धा भरवतो. स्पर्धेच्या नोंदणीत मुलांचे टॅग वाचणं हे माझं रोजचं काम. त्यावरून सांगतो, तुमच्या मुलाने केलं तेच निम्मी मुलं करतात. त्यात मुलांचा निष्काळजीपणा फार नसतो. गेमच्या एका स्क्रीनवर ती अडकतात, आणि ती स्क्रीन कुठली ते पुढे येईलच.

आधी मुलाच्या शंकेचं उत्तर देतो, कारण ते मिळाल्याशिवाय तो हलणार नाही. टॅग बदलला म्हणून मित्र हरवत नाहीत. बीजीएमआयमध्ये प्रत्येक खात्याला एक आकडी आयडी असतो, तो नाव बदललं तरी तोच राहतो, आणि मित्रांची यादी खात्याला जोडलेली असते. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीतही नावामागे एक कायमचा ओळखक्रमांक असतो. मित्राच्या सर्व्हरवर त्याचं घर, पेट्यांमधला माल, आत यायची परवानगी हे सगळं त्या क्रमांकावर चालतं. मित्रांच्या यादीत दुसऱ्या दिवशी नवं नाव दिसेल, ते दोन दिवस चिडवतील, आणि मग तेच नाव रूढ होईल. हे त्याला आधी सांगा.

आता टॅगमधून नेमकं काय कळतं ते पाहू. समजा टॅग आहे `RohanMH50_2012`. बीजीएमआयच्या क्लासिक मॅचमध्ये 100 पर्यंत खेळाडू असतात. मुलाने कोणाला मारलं की त्याचं नाव स्क्रीनच्या कोपऱ्यात झळकतं आणि ते सगळ्यांना वाचता येतं. त्यातल्या एकाने ते नीट वाचलं तर? मुलाचं नाव रोहन. MH50 म्हणजे कराडचं आरटीओ पासिंग. 2012 म्हणजे वय तेरा-चौदा. इथे एक फरक लक्षात घ्या. MH12 लिहिलं असतं तर ते पुणे, म्हणजे लाखांची गर्दी, त्यात एक रोहन हरवून जातो. MH50 लिहिलं की गर्दीच कमी होते. लहान गावातल्या मुलांना तोटा जास्त होतो तो असा, आणि गावाचा अभिमान म्हणून हाच नंबर लिहायची हौसही त्यांनाच जास्त असते.

पण एवढ्यावर कोणी घरापर्यंत येत नाही. त्यापुढचे दोन दुवे लागतात. पहिला म्हणजे व्हॉइस चॅट. “सोमवारी युनिट टेस्ट आहे, मी लवकर जातो” असं एक वाक्य पुरतं. दुसरा दुवा जास्त घातक आहे. मुलाने तोच टॅग इन्स्टाग्रामवर, यूट्यूबवर आणि बुद्धिबळाच्या साइटवर वापरलेला असतो. कोणी टॅग सर्चमध्ये टाकला की इन्स्टाग्रामवर गॅदरिंगचा फोटो, फोटोत शाळेचा गणवेश, आणि खाली मावशीची कमेंट, तीही आडनावासकट. एकच युजरनेम शेकडो साइटवर तपासून देणारी फुकट साधनं उपलब्ध आहेत, आणि ती चालवायला फार अक्कल लागत नाही.

म्हणून मी टॅगकडे दोन बाजूंनी बघतो. नावात काय लिहिलंय ही एक बाजू, आणि ते नाव आणखी कुठे कुठे सापडतं ही दुसरी. पालक पहिलीवर भांडतात आणि दुसरी विसरतात. गंमत अशी की नाव जितकं लक्षात राहणारं, तितकं वेगळं, आणि जितकं वेगळं तितकं शोधायला सोपं. `Rohan` टाकून शोधलं तर कोट्यवधी निकाल येतील, हाती काही लागणार नाही. पण एखादं झकास, कोणाकडेच नसलेलं नाव असलं तर जे सापडेल ते सगळं तुमच्याच मुलाचं. त्यामुळे ते झकास नाव फक्त गेममध्येच राहिलं पाहिजे. इन्स्टाग्राम, ईमेल, शाळेच्या गटातलं नाव, यांपैकी कुठेही ते यायला नको. ही अट मुलाला मान्य नसेल तर नाव ठरवायची सगळी मेहनत वाया जाते.

आता ती स्क्रीन. मुलगा नाव टाकतो `Sniper`. गेम म्हणतो, हे नाव घेतलेलं आहे. मग `Shadow`, तेही गेलेलं. `Ghost` गेलेलं. खेळायची घाई असते, मित्र लॉबीत थांबलेले असतात. अशा वेळी हात आपोआप आकड्यांकडे जातो, आणि घाईत आठवणारे आकडे कुठले? जन्मसाल, वाढदिवस, एमएच नंबर, पिनकोड, हजेरी क्रमांक, मोबाइलचे शेवटचे चार अंक. कोणी 7, 18 किंवा 45 लावतं, म्हणजे धोनी, कोहली, रोहितचे जर्सी नंबर. त्यातून काही कळत नाही, पण तेही बहुतेक घेतलेलेच असतात. शेवटी जन्मसाल लागतंच. म्हणून माझा पहिला नियम असा की नावात आकडाच नको. आकडा लागूच नये असं नाव शोधायचं. एक शब्द कधीच शिल्लक नसतो. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द जोडले तर नाव सहसा मिळतं.

माझ्या भाच्याबरोबर हे केलं ते सविस्तर सांगतो. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. एका रविवारी वही घेऊन बसलो आणि पानावर दोन रकाने आखले. डावीकडे घरात, अंगणात दिसणाऱ्या वस्तू लिहायच्या, पण त्याच्या स्वतःच्या नाहीत. म्हणजे त्याची सायकल नको, त्याचा कुत्रा नको. त्याने लिहिलं: दगड, पतंग, कंदील, वरवंटा, बादली, भोपळा. उजवीकडे त्या वस्तूला न शोभणारे शब्द: हलका, रागीट, थंड, कडक, ओला. मग जोड्या लावत गेलो. सरळ जोडी लक्षात राहत नाही. “जड दगड” कोण लक्षात ठेवणार? उलटी जोडी राहते. शेवटी तीन नावं उरली:

```
RagitKandil
ThandaVarvanta
HalkaDagad
```

मग फोनची परीक्षा घेतली. व्हॉइस चॅटवर नाव एकदाच उच्चारलं जातं, आणि समोरच्याला ते ऐकून टाइप करता आलं पाहिजे. भाच्याने त्याच्या तीन मित्रांना फोन केले, नाव एकेकदाच सांगितलं आणि त्यांनी टाइप केलेलं एक-एक अक्षर वाचून घेतलं. `RagitKandil` ला एकाने `Rageet`, दुसऱ्याने `Raagit` केलं, `Kandil` चं `Kandeel` झालं. मराठीतला दीर्घ ई रोमनमध्ये दहा प्रकारे लिहिला जातो, त्याला इलाज नाही. `Varvanta` च्या बाबतीत एकाने व्ही घेतला आणि एकाने डब्ल्यू. शिवाय ते नाव चौदा अक्षरांचं होतं, काही ठिकाणी बसलंच नसतं. माइनक्राफ्टमध्ये 3 ते 16 अक्षरं चालतात, तीही फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर. इतर काही ठिकाणी मर्यादा कमी आहे, म्हणून मी बाराच्या आत राहतो. `HalkaDagad` तिघांनीही बरोबर लिहिलं. दहा अक्षरं, आणि त्यातल्या स्वरांत ‘ए’ सोडून दुसरा स्वर नाही, म्हणून घोळ नाही.

त्यानंतर हाकेची परीक्षा. स्क्वॉडमध्ये गोळीबार सुरू असताना पूर्ण नाव कोणी घेत नाही, त्याचं तुटकं रूप घेतलं जातं. त्यामुळे नाव तुटल्यावर काय उरतं ते आधीच बघून ठेवावं. `HalkaDagad` चं मित्रांनी दोन मिनिटांत “एचडी” केलं आणि भाचा तिथेच पाघळला. “दगड” म्हणून चिडवतील ही शक्यता होती, ती मी त्याच्यासमोर मांडली. तो म्हणाला, “वर्गात तसंही म्हणतात, मामा.” म्हणजे तो प्रश्न सुटला. हा निर्णय मुलालाच घेऊ द्या. आईने ठरवलेलं नाव मुलगा आठवड्यात बदलतो, आणि बदलताना पुन्हा त्याच स्क्रीनवर घाईत बदलतो.

तिसरी परीक्षा मी स्वतःच्या अनुभवातून काढलेली आहे. अनोळखी खेळाडू मुलाशी बोलायला सुरुवात करतो तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: “भाई, नाम ऐसा क्यूँ?” त्याचं खरं उत्तर कुठे घेऊन जातं ते बघा. टॅग कुत्र्याच्या नावावरून असेल तर गप्पा घरात शिरतात. घरच्या टोपणनावावरून असेल तर त्या अनोळखी माणसाला घरातलं हाक मारायचं नाव कळतं, आणि त्या नावाने हाक मारणारा माणूस मुलाला आपोआप जवळचा वाटू लागतो. तालमीच्या, गणेश मंडळाच्या किंवा वाडीच्या नावावरून असेल तर थेट पत्ताच कळतो. कुलदैवतावरून असेल तर निदान भाग कळतो. `HalkaDagad` का ठेवलं याचं खरं उत्तर “वहीत जोड्या लावल्या, ही हसू आणणारी निघाली” एवढंच आहे. त्यामागे काही दडलेलंच नाही, त्यामुळे मुलाला खोटंही बोलावं लागत नाही. तेरा वर्षांच्या मुलाला लपवाछपवी जमत नाही, आणि ती त्याच्यावर लादूही नये.

शेवटी शोध घ्यायचा. नाव अवतरणचिन्हांत घालून गूगलवर टाका, मग इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर स्वतंत्रपणे बघा. काहीच आलं नाही तर चांगलं. भलत्याच देशातलं कोणाचं तरी जुनं खातं निघालं तरी हरकत नाही, उलट थोडी गर्दी झालेली बरी. फक्त त्या खात्यावर काही घाणेरडं नाही ना, एवढं बघा, नाहीतर मुलाच्या गळ्यात ते पडेल. मी वर दिलेली नावं मात्र वापरू नका. ती आता इथे लिहिली गेली, म्हणजे वाया गेली.

कोणी विचारेल, मराठी शब्द वापरला तर मुलगा मराठी आहे हे कळतंच ना? हो, कळतं. ही देवाणघेवाण मला मान्य आहे, कारण व्हॉइस चॅटवर पहिल्या वाक्यातच ते कळलेलं असतं आणि मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर आहेत. पण एखाद्याच भागात बोलला जाणारा शब्द टाळा. मालवणी किंवा वऱ्हाडी शब्द ऐकायला झकास लागतात, पण ते गर्दी पुन्हा लहान करतात. आणि मुलगा लंडन किंवा दुबईसारख्या ठिकाणी वाढत असेल तर हा हिशेब उलटतो. तिथल्या लॉबीत मराठी शब्दच उठून दिसेल, तिथे दुसऱ्या कुठल्याही भाषेतले दोन साधे शब्द बरे.

मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट. टॅगमध्ये `Queen` किंवा `Girl` आलं की नको ते मेसेज वाढतात, हे मी माझ्या स्पर्धांत पाहिलं आहे. दोष मेसेज करणाऱ्यांचा आहे, मुलीचा नाही, पण टॅग निवडण्याआधी तिला हे माहीत असावं. निर्णय तिचा.

नाव बदलण्याच्या बाबतीत काही गोष्टी गेमनुसार वेगळ्या आहेत, त्या आधी बघून घ्या. बीजीएमआयमध्ये रीनेम कार्ड लागतं, ते एकदा वापरलं की संपलं, त्यामुळे कागदावर नाव पक्कं होईपर्यंत कार्डाला हात लावू नका. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत नाव फुकट बदलता येतं, पण दोन बदलांत 30 दिवसांचं अंतर लागतं. तिथे 2022 च्या सप्टेंबरपर्यंत जुनी नावं अधिकृतपणे कोणालाही बघता येत असत. ती सोय आता बंद आहे, तरी त्याआधीची नावं काही बाहेरच्या साइटांनी साठवून ठेवलेली आहेत. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या दुकानावर प्रोफाइलचं नाव कधीही बदलता येतं, पण आधीची नावं बाणावर क्लिक केलं की दिसतात. ती यादी तिथूनच पुसता येते आणि पुसावी लागते, नाहीतर बदललं काय आणि न बदललं काय, सारखंच.

रोब्लॉक्सचं प्रकरण सगळ्यात अवघड. तिथे युजरनेम आणि दिसायचं नाव अशा दोन गोष्टी आहेत. दिसायचं नाव दर 7 दिवसांनी फुकट बदलता येतं, म्हणून मुलं तेच बदलतात आणि काम झालं असं समजतात. पण प्रोफाइल उघडलं की युजरनेम तिथेच असतं. युजरनेम बदलायला तिथलं विकतचं चलन, म्हणजे 1,000 रोबक्स लागतात, आणि एवढे मोजूनही आधीचं युजरनेम प्रोफाइलवर दिसतंच. युजरनेममध्ये खरं नाव आणि जन्मसाल दोन्ही असेल तर मी सरळ नवं खातं उघडायला सांगतो. खात्यात पैसे घालून घेतलेल्या वस्तू असतील तर मुलगा रडेल, मग किती जोखीम आणि किती नुकसान हे तुम्हालाच तोलावं लागेल. फक्त पहिलं नाव असेल आणि ते खूप कॉमन असेल, तर मी जुनंच खातं राहू देतो.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगतो, कारण ती तुमच्या मुलाच्या वाट्याला येऊ शकते. सुरुवातीच्या एका स्पर्धेत मी नोंदणीची शीट जशीच्या तशी व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकली. त्यात खरं नाव, टॅग, इयत्ता, फोन, सगळं एका ओळीत होतं. दुसऱ्याच दिवशी एका चौदा वर्षांच्या मुलाच्या वडिलांचा फोन आला. कोणीतरी “मी तुझ्यासारखाच खेळतो, आपली टीम करू” म्हणत मुलाला रात्री मेसेज करत होतं. प्रकरण वाढलं नाही, पण मुलांनी निवडलेले स्वच्छ टॅग मी एका शीटने उघडे केले होते. तेव्हापासून मी दोन याद्या करतो. एक माझ्याकडे, दुसरी फक्त टॅगची आणि सामन्यांच्या वेळांची. मुलगा स्पर्धेत उतरणार असेल तर संयोजकाला आधी विचारा की बाहेर कुठली यादी लावणार. बक्षिसासाठी नाव आणि पालकांचं खातं द्यावंच लागतं, ते द्या, पण ते यादीत छापायची गरज नसते.

एवढं करूनही टॅगच्या बाजूला बघायला विसरू नका. भाच्याचं `HalkaDagad` ठरलं, सगळ्या परीक्षा पास झाला, आणि पंधरा दिवसांनी मी त्याचं प्रोफाइल उघडलं तर क्लॅनच्या, म्हणजे गेममधल्या त्याच्या गटाच्या नावात त्याच्या शाळेच्या नावाची तीन आद्याक्षरं आणि पुढे “बॉइज” होतं. क्लॅनचं नाव टॅगच्या शेजारीच दिसतं. क्लॅनमध्ये वर्गातली अकरा मुलं होती, आणि त्यातल्या चौघांच्या टॅगमध्ये त्यांची आडनावं. भाच्याने क्लॅन सोडायला नकार दिला, तेही रास्तच होतं, मित्र तिथेच होते. मग क्लॅन चालवणाऱ्या मुलाशी बोललो आणि नाव बदलायची त्याचीच इच्छा निघाली, कारण दुसऱ्या शाळेच्या पोरांना क्लॅनमध्ये यायचं होतं आणि या नावामुळे ती अडत होती. आता त्यांचं नाव एका भाजीवरून आहे. कुठली ते सांगत नाही.